पाळी अनियमित असेल तर ॲपमधले ‘फर्टाइल’ दिवस का चुकतात

प्रश्न: मॅडम, माझं वय ३१. आठ महिन्यांपासून बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. पाळी अनियमित आहे, मागच्या सहा पाळ्यांमधलं अंतर २७, ४१, ३३, ५२, ३५ आणि ३० दिवस. ॲप १७ ते २२ हे दिवस फर्टाइल दाखवतं आणि आम्ही तेवढेच दिवस पाळतो. ४१ दिवसांच्या वेळी त्याच दिवसांत ओव्हुलेशनच्या पट्ट्या वापरल्या, सगळ्या निगेटिव्ह. ५२ दिवसांच्या वेळी ॲपने ‘पाळी लांबली’ असं दाखवलं म्हणून ३८व्या दिवशी घरी प्रेग्नन्सी टेस्ट केली, तीही निगेटिव्ह. माझं बीज तयारच होत नाही का?

उत्तर:

या माहितीवरून तरी तसं म्हणता येत नाही. ज्या दिवसांत तुम्ही शोधलंत त्या दिवसांत बीज बाहेर पडलं नव्हतं, एवढंच यातून कळतं. आणि शोधण्याचे दिवस ॲपने ठरवून दिले होते. तुमचेच आकडे घेऊन सांगते, म्हणजे ॲप नेमकं कुठे घसरतं ते दिसेल.

आधी पाळीचं गणित. पाळीचा पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. तिथून स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंतचा, म्हणजे ओव्हुलेशनपर्यंतचा काळ हा पहिला भाग, आणि बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा दुसरा. दुसरा भाग बहुतेक बायकांमध्ये ११ ते १६ दिवसांचा असतो आणि एकाच बाईत तो फारसा हलत नाही, फार तर दोन-तीन दिवस इकडे तिकडे. कारण बीज ज्या पिशवीत वाढतं ते फॉलिकल; बीज बाहेर पडल्यावर मागे उरलेल्या फॉलिकलमधून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होतं आणि गर्भ राहिला नाही तर त्या उरलेल्या फॉलिकलचं आयुष्य साधारण दोन आठवड्यांचंच असतं. पहिल्या भागाला असं बंधन नाही. फॉलिकल वाढायला लागतं, कधी मध्येच थांबतं, विरून जातं, मग दुसरं वाढायला लागतं. आजारपण, वजनातले बदल, थायरॉइड, पीसीओडी, झोपेची उलथापालथ अशी कारणं इथे लुडबूड करतात. तुमची पाळी २७ दिवसांनी आली काय किंवा ४१ दिवसांनी, लांबला तो बहुधा पहिलाच भाग.

आता ॲप काय करतं? फक्त तारखा भरून घेणारी साधी ॲप्स मागच्या काही पाळ्यांची सरासरी काढतात, त्यातून १४ वजा करतात आणि आलेल्या दिवसाला ओव्हुलेशन म्हणतात. तुमच्या सहा पाळ्यांची बेरीज २१८, सरासरी ३६. त्यातून १४ गेले की २२. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात आणि बीज जेमतेम दिवसभर, म्हणून आधीचे पाच दिवस आणि तो दिवस मिळून १७ ते २२. सूत्र म्हणून यात काही चूक नाही. १९२०च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या मोजणीचंच हे नवं रूप आहे. ओव्हुलेशनचा संबंध येणाऱ्या पाळीशी असतो, म्हणून मागे मोजायचं, हे त्यांचं म्हणणं आजही बरोबर आहे. अडचण एवढीच की ॲप ज्या तारखेपासून मागे मोजतं ती तारीख अजून उजाडलेलीच नसते. ती त्याने सरासरीवरून गृहीत धरलेली असते. पाळी दर वेळी २८-२९ दिवसांनी येत असेल तर हे गृहीतक बऱ्यापैकी चालून जातं. तुमच्या बाबतीत सरासरी ३६ असली तरी सहापैकी एकही पाळी ३६ दिवसांनी आलेली नाही.

आता उलट मोजून बघू. तुमचा दुसरा भाग १३ दिवसांचा आहे असं धरते. हे गृहीत आहे, १२ किंवा १४ही असेल, पण चित्र फार बदलणार नाही. २७ दिवसांच्या वेळी बीज १४व्या दिवसाच्या आसपास बाहेर पडलं असणार, म्हणजे खरे फर्टाइल दिवस ९ ते १४. ॲपचा १७वा दिवस उजाडेपर्यंत ते संपलेले होते. ४१ दिवसांच्या वेळी ओव्हुलेशन २८व्या दिवशी, फर्टाइल दिवस २३ ते २८. तुम्ही २२ला थांबलात. ३३च्या वेळी १५ ते २०, इथे चार दिवस जुळले. ३५च्या वेळी १७ ते २२, तंतोतंत जुळलं. ३०च्या वेळी १२ ते १७, इथे फक्त १७वा दिवस हाती लागला. आणि ५२ दिवसांच्या वेळी, जर बीज बाहेर पडलंच असेल तर, ३४ ते ३९.

म्हणजे सहापैकी तीन वेळा ॲपचे दिवस आणि खरे दिवस यांची गाठच पडली नाही. एकदा निसटता एक दिवस मिळाला. नीट संधी म्हणावी अशा पाळ्या दोनच. नियमित पाळी असलेल्या, एकमेकांजवळ राहणाऱ्या, कुठलाही दोष नसलेल्या जोडप्यालाही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता चार-पाचात एक अशीच असते. तेव्हा आठ महिने प्रयत्न केले असं तुम्ही मोजता, मी ते दोन-अडीच महिने मोजेन.

त्या ५२ दिवसांच्या पाळीपाशी जरा थांबते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ३६ दिवस उलटले की ॲप ‘पाळी एक दिवस लांबली’, ‘दोन दिवस लांबली’ असं मोजायला लागतं. ३८व्या दिवशी तुम्ही टेस्ट केली. आता वरचा हिशेब बघा: ३४ ते ३९. टेस्ट केली त्या दिवशी बीज कदाचित बाहेर पडायच्या बेतात होतं! टेस्ट निगेटिव्ह आली, वाईट वाटलं, आता पाळी येईल म्हणून वाट बघत बसलात. त्या पाळीतले कामाचे दिवस नेमके तेच होते आणि ॲपच्या लेखी ती पाळी केव्हाच संपायला हवी होती. पाळी ‘लांबते’ तेव्हा बहुतेक वेळा गर्भ राहिलेला नसतो किंवा पाळी अडलेलीही नसते. ओव्हुलेशन उशिरा झालेलं असतं किंवा अजून व्हायचं असतं, आणि पाळी त्याच्या मागून १३-१४ दिवसांनी आपल्या वेळेवर येते. हे ॲपला कळायला काही मार्ग नाही, कारण तुम्ही तारखेशिवाय त्याला काहीच सांगितलेलं नाही.

५२ दिवसांच्या बाबतीत दुसरी शक्यताही मान्य करायला हवी. त्या वेळी ओव्हुलेशन झालंच नसेल आणि गर्भाशयाचं अस्तर वाढून वाढून आपोआप सुटलं असेल. रक्तस्राव आला म्हणजे आधी बीज बाहेर पडलंच होतं असं नसतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं आणि ॲप दोन्हींना पाळीच म्हणतं. फरक कसा ओळखायचा ते पुढे तापमानाच्या वेळी सांगते.

आता पट्ट्या. पट्टी लघवीतलं एलएच हे हार्मोन पकडते. ते एकदम वाढायला लागलं की साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडतं. ४१ दिवसांच्या त्या पाळीत ओव्हुलेशन २८च्या सुमारास झालं असेल तर एलएच वाढलं असणार २६-२७ला. तुम्ही पट्ट्या वापरल्या १७ ते २२. त्या निगेटिव्ह येणारच होत्या आणि खऱ्याच निगेटिव्ह होत्या. पट्टी चुकली नाही, तारीख चुकली. याच जातीची एक गफलत तपासण्यांतही होते. पाळीच्या २१व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासायची जुनी पद्धत २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. ओव्हुलेशननंतर सातव्या दिवशी ते भरात असतं म्हणून २१. तुमच्या ४१ दिवसांच्या पाळीत २१व्या दिवशी रक्त दिलं असतं तर प्रोजेस्टेरॉन कमीच आलं असतं आणि ‘ओव्हुलेशन होत नाही’ असा शिक्का बसला असता. कुणी ही तपासणी सांगितली तर ‘माझी पाळी लांबते, नेमक्या कुठल्या दिवशी रक्त द्यायचं?’ हे विचारा. पट्टी पॉझिटिव्ह आल्यावर सात-आठ दिवसांनी, किंवा ओव्हुलेशनचा पत्ताच नसेल तर दर आठवड्याला पाळी येईपर्यंत, असं ते करता येतं. एकदा जरी ३ नॅनोग्रॅमच्या वर गेलं तरी बीज बाहेर पडल्याचा तो पुरेसा पुरावा मानतात.

ॲपमध्ये आपण काय भरतो यानेही गोंधळ वाढतो. पाळी येत नाही म्हणून डॉक्टर पाच-दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात, गोळ्या थांबल्या की काही दिवसांत रक्तस्राव होतो. तो गोळ्यांनी आणलेला असतो. पण ॲपमध्ये तो पाळी म्हणून भरला की ॲप त्याच्या १४ दिवस आधी एक ओव्हुलेशन काढून दाखवतं, जे कधी झालेलंच नसतं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचंही तेच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाचे २८-२८ दिवस तर गोळ्यांच्या पाकिटाचे असतात, शरीराचे नव्हेत. गोळ्या सोडल्यावर ॲप त्यावरूनच पुढचा अंदाज बांधत राहतं. आणि मध्येच डाग दिसला तर तो पाळीचा पहिला दिवस म्हणून भरू नका. कपडा किंवा पॅड लागेल इतका स्राव सुरू होईल तो पहिला दिवस. तुमच्या सहा पाळ्यांपैकी एखादी गोळ्या घेऊन आलेली असेल तर ती यादीतून काढून टाका. बऱ्याच ॲप्समध्ये एखादी पाळी हिशेबातून वगळायची सोय असते.

मग ॲप काढून टाकायचं का? नाही. तारखांची वही म्हणून ते उत्तम आहे, आणि डॉक्टरकडे जाताना ही सहा आकड्यांची यादी फार उपयोगी पडते. त्यातला फर्टाइल दिवसांचा रंगीत पट्टा तेवढा डोळ्यांआड करायचा. काही ॲप्स रोजचं तापमान किंवा पट्टीचा निकाल भरून घेतात आणि त्यावरून अंदाज बदलतात. ती साध्या ॲप्सपेक्षा बरी, पण रोज भरलं तरच. आणि त्यांनाही येणारं ओव्हुलेशन पट्टीवरून फार तर एक-दीड दिवस आधी दिसतं, तापमानावरून तर झाल्यावरच कळतं.

शरीर स्वतः काय सांगतं ते बघायला शिकणं हा यातला सगळ्यात भरवशाचा भाग आहे, आणि त्याला काही खर्च नाही. फॉलिकल वाढायला लागलं की इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं आणि गर्भाशयाच्या तोंडाशी येणारा स्राव बदलतो. पाळी गेल्यावर काही दिवस कोरडेपणा असतो. मग थोडा चिकट, पांढुरका स्राव. मग तो पातळ, पारदर्शक, घसरडा होतो. दोन बोटांत धरला तर न तुटता इंच-दोन इंच ताणला जातो. लघवीला गेल्यावर पुसताना घसरल्यासारखं जाणवतं, ते बघायला बोट घालायचीही गरज नाही. हा स्राव असतो तेव्हाच शुक्राणू आत टिकतात आणि वर जातात. ज्या दिवशी असा स्राव दिसायला लागला त्या दिवसापासून, तो संपून पुन्हा घट्ट किंवा कोरडं होईपर्यंत आणि त्यानंतर आणखी एक दिवस, हे तुमचे दिवस. ते १०व्या दिवशी आले तर १०व्या, ३४व्या दिवशी आले तर ३४व्या. खाज, वास, पिवळेपणा असलेला स्राव वेगळा, तो संसर्गाचा. तो दाखवून घ्या.

अनियमित पाळीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. असा स्राव एकाच पाळीत दोन-तीनदा येऊन जाऊ शकतो. फॉलिकल वाढतं, इस्ट्रोजेन चढतं, स्राव येतो, आणि मग ते फॉलिकल फुटतच नाही. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. पीसीओडी असलेल्या बायकांत हे नेहमी दिसतं. यात फसण्यासारखं काही नाही. प्रत्येक वेळी हे दिवस खरे समजायचे, कारण यातली कुठली वेळ खरी ठरेल ते आधी कळत नाही. फक्त ‘एकदा स्राव येऊन गेला, आता या महिन्याचं संपलं’ असं धरून थांबू नका.

पट्ट्या वापरायच्याच असतील तर ॲपच्या तारखेवर वापरू नका. कोरं गणित करायचं तर सगळ्यात छोट्या पाळीतून १७ वजा करायचे. तुमची सगळ्यात छोटी २७, म्हणजे १०व्या दिवसापासून रोज एक. पण ५२ दिवसांची पाळी आली तर तीस-चाळीस पट्ट्या लागतील, आणि त्रागा होईल तो वेगळाच. म्हणून मी सांगते की स्राव पातळ होताना दिसला की पट्ट्या सुरू करा, स्राव गेला आणि पट्टी निगेटिव्हच राहिली तर थांबा, पुन्हा स्राव आला की पुन्हा सुरू. रोज साधारण एकाच वेळी, दुपारी किंवा संध्याकाळी. त्याआधी दोन तास ढसाढसा पाणी पिऊ नका, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकी येते. तपासणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच पॉझिटिव्ह. फिकी रेघ जवळजवळ रोज दिसते, तिला काही अर्थ नाही. आणि पीसीओडी असेल तर एलएच मुळातच चढलेलं असू शकतं. चार-पाच दिवस सलग पॉझिटिव्ह येत राहिलं तर त्या पट्ट्या तुमच्या कामाच्या नाहीत असं समजा आणि पैसे वाचवा. शिवाय पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणजे शरीराने बीज बाहेर टाकायचा हुकूम दिला. तो अमलात आला की नाही हे पट्टी सांगत नाही.

ते तापमान सांगतं. ओव्हुलेशननंतर प्रोजेस्टेरॉनमुळे सकाळचं तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर जातं आणि पाळी येईपर्यंत वरच राहतं. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा थर्मामीटर घ्या, सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातून उठण्याआधी, बोलण्या-पिण्याआधी तोंडात धरा. किमान तीन तास सलग झोप झालेली हवी. समजा सहा दिवस ३६.३० ते ३६.४० च्या दरम्यान आहे आणि मग ३६.६०, ३६.६५, ३६.६२ असं सलग तीन दिवस आलं, तर पहिल्या चढत्या दिवसाच्या आदल्या दिवशी किंवा एखादा दिवस अलीकडे-पलीकडे बीज बाहेर पडलं. एकाच दिवशी चढून दुसऱ्या दिवशी उतरलं तर ते ताप, जागरण, उशिरा उठणं यातलं काहीतरी. तापमान चढल्यावर संबंध ठेवून त्या महिन्यात उपयोग होत नाही, म्हणून काहीजणी याला कंटाळतात. पण तापमानाने तीन गोष्टी कळतात. एक, बीज खरंच बाहेर पडतंय का: अख्खी पाळी गेली आणि तापमान कधी चढून टिकलंच नाही, तर त्या वेळी बहुधा ओव्हुलेशन झालं नाही. दोन, तुमचा दुसरा भाग किती दिवसांचा आहे, म्हणजे मी वर १३ धरले ते बरोबर की चूक. आणि तीन, प्रेग्नन्सी टेस्ट कधी करायची. तापमान चढल्यापासून १६ दिवस झाले आणि अजून पाळी नाही, तर टेस्ट करा. ॲपने ‘पाळी लांबली’ म्हटलं म्हणून नको. दोन-तीन पाळ्या हे केलं की पुरे, वर्षभर थर्मामीटर उशाशी ठेवून झोपायची गरज नाही. रात्रपाळी करणाऱ्या बाईला मी हे सांगतच नाही, तिचं तापमान काही नीट बोलत नाही.

हे सगळं जड वाटत असेल तर याहून सोपा रस्ता आहे आणि तो तितकाच चांगला आहे: पाळी थांबल्यापासून पुढची येईपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी संबंध. शुक्राणू टिकतात त्या हिशेबात कुठलंही ओव्हुलेशन त्यातून सुटत नाही, मग ते १४ला होवो की ३९ला. ‘रोज नको, शुक्राणू साठू द्या’ म्हणून आठवडाभर थांबणारी जोडपी बघते, त्यात काही फायदा नाही. ५२ दिवस हा नेम पाळणं दोघांनाही जड जातं, हे मला माहीत आहे. म्हणून स्रावावर नजर ठेवायची आणि तो दिसला की त्या चार-पाच दिवसांत एक दिवसाआड किंवा रोज, एरवी जमेल तसं.

याच ॲपचा उलटा वापर करणाऱ्यांसाठी एक वाक्य. मूल नको म्हणून ॲपमधले ‘सेफ’ दिवस पाळत असाल आणि पाळी तुमच्यासारखी हलणारी असेल, तर ते दिवस सेफ नाहीत. वरच्या सहापैकी पाच वेळा ॲपने ‘सेफ’ म्हटलेल्या दिवसांत खरे फर्टाइल दिवस येऊन गेले आहेत.

आता डॉक्टरकडे कधी? पाळी नियमित असेल तर वर्षभर प्रयत्न, पस्तिशीनंतर सहा महिने, मग तपासणी असा रिवाज आहे. तो तुम्हाला लागू नाही. सहापैकी दोन पाळ्या ४० दिवसांच्या वर गेल्या आहेत, सगळ्यात छोटी आणि सगळ्यात लांब यांत २५ दिवसांचं अंतर आहे. आठ-नऊ दिवसांहून जास्त फरक असेल तर ती अनियमित पाळीच. आत्ताच जा. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, गरज वाटल्यास अंडाशयाची इतर हार्मोन्स आणि एक सोनोग्राफी, यात बहुतेक कारण सापडतं. त्याच भेटीत नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्या. ती सोपी आहे, लवकर होते, आणि बायकोच्या पाळीत सगळे गुंतलेले असताना ती नेमकी राहून जाते. ओव्हुलेशन क्वचितच होतंय असं निघालं तर बीज बाहेर पडायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्या देऊन, सोनोग्राफीवर फॉलिकल वाढताना बघत, दिवस ठरवता येतो. त्या वेळी मात्र ॲप, पट्टी, थर्मामीटर कशाचीच गरज उरत नाही. गोळ्या मनाने घेऊ नका. तीन महिने पाळीच आली नाही तर प्रेग्नन्सी टेस्ट करून, निगेटिव्ह असली तरी दाखवायला जा. अस्तर इतके दिवस साठून राहणं बरं नव्हे.

आणखी एक, गर्भ राहिल्यावर कामाला येईल असं. दवाखान्यात गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात आणि त्यात ओव्हुलेशन १४व्या दिवशी झालं असं धरलेलं असतं. ॲपही तसंच मोजतं. ५२ दिवसांच्या त्या पाळीसारखं ३९व्या दिवशी बीज बाहेर पडून गर्भ राहिला असता, तर पाळीपासून नऊ आठवडे झाल्यावर केलेल्या सोनोग्राफीत गर्भ साडेपाच आठवड्यांचा दिसला असता. त्या वयात गर्भपिशवी दिसते, ठोके अजून दिसायचे असतात. ‘नऊ आठवडे झाले आणि ठोके नाहीत’ हे ऐकून घरी रडत गेलेल्या आणि दोन आठवड्यांनी धडधडतं हृदय बघितलेल्या बायका मला माहीत आहेत. म्हणून पहिल्या सोनोग्राफीला जाताना पाळीच्या तारखेबरोबर पट्टी पॉझिटिव्ह आल्याची किंवा तापमान चढल्याची तारीखही सांगा, पाळी अनियमित आहे हे आपणहून सांगा. ठोके दिसले नाहीत आणि तारखांचा मेळ बसत नसेल, तर काहीही ठरवण्याआधी दहा-चौदा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करून घ्या. त्या मधल्या दिवसांत खूप रक्तस्राव झाला, किंवा पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफीवर गर्भाची लांबी मोजून प्रसूतीची तारीख पक्की करतात, ती एकदा मिळाली की ॲपमधली खोडून तीच भरा.